गप्प राहिलेल्या माणसाचं उत्तर कुणी द्यायचं?

प्रश्न: "काही देशांत 'नकार कळवला नसेल तर अवयवदानाला होकार आहे' असं कायदाच धरून चालतो. मला दोन्ही बाजू पटतात. गप्प बसणं म्हणजे संमती कशी म्हणायची? पण उद्या स्वतःला किडनी लागली तर ती हवी असणाऱ्याने द्यायचीही तयारी ठेवायला नको का? असा कायदा केला तर खरंच फरक पडतो का?"

मी अतिदक्षता विभागात अवयवदान समन्वयाचं काम बरीच वर्षं करतो आहे, त्यामुळे माझं मत आधी सांगून टाकतो. अशा कायद्याला माझा तत्त्वतः विरोध नाही. मात्र त्याला 'गृहीत संमती' म्हणतात तेव्हा हातात असते ती संमती नव्हे, नकाराची नोंद नसणं एवढंच असतं. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण आयसीयूबाहेरच्या खोलीत नातेवाइकांसमोर बसलं की सगळं त्याच फरकावर अडतं. आणि एकमेकांचं देणं लागण्याबद्दल तुम्ही जे म्हणता, ते मला मनापासून मान्य आहे. त्यातून 'अवयव दे' असं कर्तव्य निघतं असं मला वाटत नाही. 'तुझं काय ते सांगून ठेव' असं कर्तव्य मात्र नक्की निघतं. असं का म्हणतो, ते प्रत्यक्ष काम कसं चालतं हे सांगितल्याशिवाय कळणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे मृत्यूनंतर हृदय, यकृत, किडनी देता येईल अशा परिस्थितीत फार थोडी माणसं मरतात. साधारण शंभरातला एक मृत्यू असा असतो. माणूस रुग्णालयात, व्हेंटिलेटरवर असावा लागतो. मेंदूला जबर मार लागलेला असतो किंवा मोठा रक्तस्राव झालेला असतो. घरी झोपेत गेलेल्या माणसाचे डोळे घेता येतात, यकृत घेता येत नाही. त्यामुळे नोंदवहीत कोट्यवधी नावं असली तरी एखाद्या देशात वर्षभरात खरा प्रश्न काही हजार कुटुंबांपुढेच येतो. धोरणाची परीक्षा त्या काही हजार खोल्यांत होते.

अशीच एक खोली समजा. प्रसंग कल्पित आहे, पण त्यातला प्रत्येक तुकडा माझ्या ओळखीचा आहे. तो मी ब्रिटनमधल्या वेल्समध्ये ठेवतो, कारण तिथला कायदा स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे आणि तो 1 डिसेंबर 2015 पासून अमलात आहे. शेहेचाळीस वर्षांचा माणूस, मेंदूतली रक्तवाहिनी फुटून कोसळला. दुसऱ्या दिवशी बाहुल्या विस्फारल्या, खोकल्याची प्रतिक्रिया गेली. दोन अनुभवी डॉक्टर मिळून चाचण्या करतात. बाहुलीवर प्रकाश टाकायचा, बुबुळाला कापसाचं टोक लावायचं, कानात बर्फासारखं थंड पाणी सोडून डोळे हलतात का ते बघायचं, श्वासनलिकेत नळी घालून खोकला येतो का ते बघायचं. शेवटी व्हेंटिलेटर थांबवून, ऑक्सिजन चालू ठेवून, रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढू द्यायचा आणि पाच मिनिटं छातीकडे बघत राहायचं. छाती हलत नाही. हे सगळं पुन्हा एकदा करायचं. तिथल्या नियमाप्रमाणे मृत्यूची वेळ लिहिली जाते ती पहिल्या फेरीच्या शेवटाची. म्हणजे दुसरी फेरी होईपर्यंत तो माणूस कायद्याने मेलेला असतो, पण मशीनमुळे छाती वरखाली होत असते आणि बायकोने धरलेला हात गरम असतो.

आता समन्वयक नोंदवही उघडतो. तिथे बहुधा तीनपैकी एक गोष्ट असते. त्याने 'हो' नोंदवलं असेल, 'नाही' नोंदवलं असेल, किंवा त्याचं नावच नसेल.

'नाही' असेल तर काम सोपं आहे. कुटुंबाला विचारायचंच नाही. (गृहीत संमतीच्या कायद्याचा हा फायदा कुणी सहसा सांगत नाही: नकार नोंदवायची पक्की जागा मिळते, आणि नकार देणाऱ्याच्या माणसांना त्या दिवशी काहीच ठरवावं लागत नाही. जिथे फक्त होकाराची नोंदवही असते तिथे ठाम नकार असलेल्या माणसाचे नातेवाईकही त्याच प्रश्नाला सामोरे जातात.)

'हो' असेल तर समन्वयक सांगतो, "त्यांनी स्वतः नोंद केली होती. आठ वर्षांपूर्वी, गाडीचं लायसन्स काढताना." बायको रडते आणि म्हणते, "हो, तो असंच करणार." थोरला भाऊ नाराज असला तरी गप्प होतो, कारण आता वाद समन्वयकाशी उरलेला नसतो, गेलेल्या भावाशी असतो. ब्रिटनमध्ये अशा प्रसंगी दहातली जवळपास नऊ कुटुंबं मान डोलावतात.

तिसरी शक्यता कायद्याने 'हो'सारखीच धरली आहे. वेल्सच्या कायद्याप्रमाणे माणूस अठरा वर्षांवरचा असेल, किमान बारा महिने वेल्समध्ये राहत असेल, तिथेच वारला असेल, आणि हा कायदा समजून घेण्याची मानसिक क्षमता त्याच्यात मृत्यूआधी पुरेसा काळ असेल, तर गप्प राहिल्यास संमती धरली जाते. नातेवाईक किंवा जुना मित्र ती मोडू शकतो, पण त्यासाठी 'त्याचं अखेरचं मत विरोधात होतं' हे समंजस माणसाला पटेल असं काही सांगावं लागतं. 'मला नको वाटतं' हे कायद्याने कारण होत नाही.

त्या खोलीत मात्र असं होतं. समन्वयक म्हणतो, "त्यांनी नकार नोंदवलेला नव्हता, त्यामुळे त्यांची हरकत नव्हती असं कायदा मानतो." भाऊ विचारतो, "त्याला हा कायदा माहीत तरी होता का?" आणि ते कुणालाच ठाऊक नसतं. बायको आठवायचा प्रयत्न करते. टीव्हीवर कधीतरी विषय निघाला होता, पण तो काय म्हणाला ते आठवत नाही. मुलगी म्हणते, "बाबांना अजून कापाकापी नको." आता या तिघांकडे टेकायला काहीच नाही. त्याच्या इच्छेचा मान राखतोय असं स्वतःला सांगता येत नाही, कारण इच्छा कळलेलीच नाही. मग माणसं साहजिक जे करतात ते करतात: जे घडल्यावर परत फिरवता येत नाही, त्याला नाही म्हणतात. ब्रिटनमधल्या आकड्यांत हे स्पष्ट दिसतं. संमती फक्त कायद्याने धरलेली असते तिथे साधारण निम्मीच कुटुंबं पाठिंबा देतात. नव्वद आणि पन्नास यांमधला फरक हा एका नोंदीचा आहे.

इथे कायदे करणारे लोक हमखास विचारतात, मग कुटुंबाला विचारताच कशाला? कायद्याचा आधार आहे ना? एक कारण माणुसकीचं आहे आणि ते सगळ्यांना कळतं. दुसरं कारण निव्वळ कामाचं आहे आणि ते बाहेर फारसं माहीत नसतं. अवयव घेण्याआधी दात्याचा आरोग्याचा आणि वागणुकीचा इतिहास लागतो. कर्करोग झाला होता का, सुयांनी नशा करत होता का, अलीकडे कुठे प्रवास केला होता, लैंगिक संबंधांतून संसर्गाचा धोका होता का, कधी विचित्र विसराळूपणा आला होता का. ही लांबलचक प्रश्नावली भरून देणारा माणूस तोच असतो, ज्याच्या मनाविरुद्ध तुम्ही कायदा चालवायला निघालेला असता. त्याने तोंड मिटलं की घेणाऱ्याच्या जिवाला धोका किती हे कळायचा मार्ग बंद होतो आणि शल्यचिकित्सक अवयव घेत नाहीत. शिवाय हो म्हटल्यापासून शस्त्रक्रियागृहात जाईपर्यंत एक अख्खा दिवस सहज जातो: रक्तगट, विषाणूंच्या चाचण्या, हृदयाची सोनोग्राफी, अवयव कुणाला जुळतात ते बघणं, दूरवरून येणाऱ्या तुकड्या. तेवढा वेळ कुटुंब त्या मशीनशेजारी बसून असतं. जबरदस्तीने हा दिवस कुणाकडून काढून घेता येत नाही. म्हणून गृहीत संमतीचा कायदा असलेल्या बहुतेक देशांतही व्यवहारात शेवटचा शब्द कुटुंबाचाच असतो.

आता 'फरक पडतो का' याकडे येतो. या वादात एक आलेख फार फिरतो, 2003 सालच्या एका संशोधनातला. जर्मनीत संमतीचं प्रमाण 12 टक्के आणि शेजारच्या, त्याच भाषेच्या ऑस्ट्रियात 99.98 टक्के. बघणाऱ्याला वाटतं, कायद्याची एक ओळ उलटली आणि सगळा देश दाता झाला. पण ते आकडे नोंदवहीचे आहेत. ऑस्ट्रियातले 99.98 टक्के म्हणजे ज्यांनी नकार कळवला नाही असे सगळे. त्यात या विषयाचा जन्मात विचार न केलेला माणूसही आला. ऑस्ट्रियात दाते जर्मनीपेक्षा जास्त मिळतात हे खरं, पण आठपट नक्कीच नाही. आणि जर्मनीच्या मागे राहण्याला इतरही कारणं आहेत: हृदय थांबून झालेल्या मृत्यूनंतरचं दान तिथे चालतच नाही, तर ब्रिटनमध्ये दात्यांचा मोठा हिस्सा त्याच मार्गाने येतो.

स्पेनचं नाव तर या चर्चेत पहिलं येतं. तिथे गृहीत संमतीचा कायदा 1979 मध्ये झाला. पुढची दहा वर्षं काही विशेष घडलं नाही. 1989 मध्ये दर दहा लाख लोकसंख्येमागे साधारण 14 दाते होते. त्या वर्षी राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना उभी राहिली आणि राफाएल मातेसान्स यांच्या हाताखाली कामाची पद्धत बदलली. प्रत्येक मोठ्या रुग्णालयात समन्वयक नेमला, आणि तो बहुतेक ठिकाणी त्याच आयसीयूतला डॉक्टर होता. बाहेरून येऊन अवयव मागणारा माणूस तो नव्हता, संभाव्य दाता कोण हे त्याला राऊंड घेतानाच कळत होतं. कुटुंबांशी बोलण्याचं प्रशिक्षण दिलं. आयसीयूतल्या मृत्यूंची मागाहून तपासणी सुरू केली: विचारायला हवं होतं आणि विचारलं गेलं नाही असं कुठे झालं? 2023 पर्यंत हा आकडा 48 च्या पुढे गेला. कायदा आधीपासून तोच होता. आणि स्पेनमध्ये कुटुंबाला प्रत्येक वेळी विचारतात, ते नाही म्हणाले तर पुढे जात नाहीत. मातेसान्स स्वतः वारंवार सांगत आले आहेत की यश कायद्याचं नाही, व्यवस्थेचं आहे. ज्याने हे सगळं आतून पाहिलं तोच माणूस कायद्याला श्रेय देत नाही, याला मी बरंच वजन देतो. उलट बाजूला बल्गेरिया बघा. गृहीत संमतीचा कायदा आहे आणि दात्यांचं प्रमाण युरोपात तळाला. आणि अमेरिकेत आधी होकार द्यावा लागतो, तरी प्रमाण स्पेनच्या जवळपास जातं. अर्थात तिथे तरुण वयातले अपघाती आणि नशेमुळे होणारे मृत्यूही जास्त आहेत, हे विसरून चालणार नाही.

ब्रिटनचा अनुभव मला सगळ्यांत बोलका वाटतो, कारण तिथे दोन्ही मार्ग एकामागून एक वापरले गेले. 2008 मध्ये सरकारने नेमलेल्या कृतिगटाने पाच वर्षांत दाते 50 टक्क्यांनी वाढवायचं लक्ष्य ठेवलं आणि त्याच वर्षी, गृहीत संमती नको, असाही सल्ला दिला. प्रशिक्षित परिचारिका रुग्णालयांत बसवल्या, प्रत्येक ठिकाणी जबाबदार डॉक्टर ठरवला. 2013 मध्ये 50 टक्के वाढ झालेली होती, कायद्याला हात न लावता. मग वेल्सने कायदा बदलला. पहिल्या वर्षी संमतीचं प्रमाण 58 टक्के होतं, 2018-19 मध्ये 77 पर्यंत गेलं. ही वाढ खरी होती आणि मी ती हलक्यात घेत नाही. पण त्या काळात वेल्समध्ये घराघरात पत्रकं गेली होती, जाहिराती चालल्या होत्या, 'घरच्यांना सांगून ठेवा' हा संदेश सतत कानावर पडत होता. लोक बोलत होते. पुढे तो जोर ओसरला आणि वेल्सचं प्रमाणही साठीच्या आसपास उतरलं. इंग्लंडने 20 मे 2020 रोजी, करोनाच्या ऐन लाटेत, तसाच कायदा लागू केला. लोकांचं लक्ष साहजिकच दुसरीकडे होतं. सगळ्या ब्रिटनचं मिळून संमतीचं प्रमाण 2019-20 मध्ये 68 टक्के होतं, 2023-24 मध्ये ते 61 वर आलेलं होतं. घसरणीचं खापर मी एकट्या कायद्यावर फोडत नाही. करोनाने रुग्णालयांवरचा विश्वास, भेटींचे नियम, सगळंच हलवलं होतं. पण कायद्याने ती थोपवली नाही, हेही दिसतंच. आणि एक धोका मी स्वतः ओळखतो: 'आता आपोआपच होकार आहे' असं कानावर पडलं की चांगल्या मनाचा माणूस नोंद करायचं सोडून देतो. आपल्या माणसांना टेकायला आधार द्यायचा राहूनच जातो.

तुमच्या पहिल्या शंकेकडे, म्हणजे गप्प बसणं ही संमती होऊ शकते का, याकडे आता नीट बघता येईल. होऊ शकते, पण अटींवर. सोसायटीच्या सभेत अध्यक्ष विचारतात, 'कुणाचा आक्षेप?', कुणी हात वर करत नाही, ठराव मंजूर होतो. तिथे गप्प बसणाऱ्याने संमती दिली असं आपण म्हणतो, कारण तो सभेत हजर होता, प्रश्न त्याला ऐकू आला होता, गप्प राहिल्याचा अर्थ काय लागणार हे त्याला माहीत होतं, आणि हात वर करायला त्याला काही किंमत मोजावी लागणार नव्हती. यातली एक अट काढली की शांतता मुकी होते. देशभराच्या कायद्यात हजर कोण? स्थलांतरित, शिक्षण सुटलेला, बेघर, सरकारी पत्र वाचताच न येणारा, मानसिक आजारातून वर-खाली होत असलेला. यांच्या गप्प राहण्यात काहीही असू शकतं. वेल्सच्या कायद्यातली बारा महिन्यांची आणि मानसिक क्षमतेची अट याच विचाराने आली आहे, आणि ती चांगली आहे. पण ती भाषेचं आणि विश्वासाचं काही करू शकत नाही.

नकाराची किंमत मोजावी लागली की काय होतं ते ब्राझीलने दाखवलं. 1997 मध्ये तिथे गृहीत संमतीचा कायदा आला. नको असेल त्याने ओळखपत्रावर किंवा वाहन परवान्यावर 'दाता नाही' असं लिहून घ्यायचं होतं. म्हणजे आपला नकार खिशात घेऊन फिरायचा, पोलिसाला आणि कारकुनाला दाखवायचा. ज्यांच्याकडे धड कागदपत्रंच नव्हती त्यांचं काय, हा प्रश्न तर उरलाच. गरीब माणसाला वाटलं, आपल्याला वाचवायच्या आधी कापतील. लोक रांगा लावून नकार लिहून घेऊ लागले, डॉक्टर कुटुंबाला विचारल्याशिवाय पुढे जाईनात, आणि 1998 मध्ये ती तरतूद मागे घ्यावी लागली. जिथे रुग्णालयावर विश्वास पातळ आहे, तिथे हा कायदा विश्वास वाढवत नाही, आहे तोही खातो.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद मात्र मला पुरता खोडता येत नाही, आणि तो तुम्हीही लक्षात घ्या. आधी होकार मागणारी पद्धतही काहीतरी गृहीतच धरते. गप्प माणसाला ती 'नाही' म्हणते. बहुतेक देशांतल्या सर्वेक्षणांत दानाच्या बाजूची माणसं बरीच जास्त निघतात आणि नोंद केलेली त्याहून कमी, म्हणजे गप्प राहिलेल्यांत मनातून तयार असलेली पुष्कळ आहेत. त्यांची इच्छा दरवर्षी पुरली जाते आणि प्रतीक्षायादीवरचं कुणी त्याच आठवड्यात मरतं. चूक दोन्हीकडे आहे. माझ्या मते फक्त ती सारख्या वजनाची नाही. ज्याला द्यायचं होतं त्याचं घेतलं नाही, तर त्याची इच्छा अपुरी राहिली. ज्याला नको होतं त्याचं घेतलं, तर त्याच्या शरीरावर त्याच्या मनाविरुद्ध हात टाकला. म्हणून मी दोन्ही बाजूंच्या चुकांची नुसती मोजदाद करून कौल देत नाही. जिथे मत कळलेलं नाही तिथे त्याला ओळखणाऱ्या माणसांना विचारणं, हा दोन्ही चुका कमी करायचा मला माहीत असलेला सगळ्यांत बरा उपाय आहे. पण त्यांना विचारायचं ते "तुम्ही देता का?" असं नाही, "ते काय म्हणाले असते?" असं. या एका बदलाने खोलीतलं ओझं हललेलं मी अनेकदा पाहिलं आहे. पहिल्या प्रश्नात ती बायको नवऱ्याचं शरीर देऊन टाकणारी होते. दुसऱ्यात त्याच्या बाजूने बोलणारी होते.

राहिला परस्परांच्या देण्याचा मुद्दा. काही देशांनी तो थेट हिशोबात मांडला. सिंगापूरच्या 1987 च्या कायद्यात नकार नोंदवणारा प्रतीक्षायादीत मागे जातो. इस्रायलने 2008 च्या कायद्याने नोंद केलेल्यांना, आणि ज्यांच्या जवळच्याचे अवयव दिले गेले त्यांना, वाटपात प्राधान्य दिलं. तिथे पद्धत मात्र आधी होकार द्यायचीच ठेवली. घेणाऱ्याने द्यायची तयारी ठेवावी, हे तुमचं म्हणणं तिथे नियम झालं. मला यातला न्याय समजतो, पण हे पचत नाही. यकृत निकामी झालेल्या माणसाचा क्रम त्याच्या आजाराने ठरायला हवा, त्याने कधीतरी कोणता फॉर्म भरला त्याने नव्हे. ज्याच्यापर्यंत तो फॉर्म पोचलाच नाही त्याचं काय? आणि यातून घडतं ते सौदा करणाऱ्यांचं मंडळ. अनोळखी माणसासाठी काही करणं, ज्याला आपण परस्परांची साथ म्हणतो, ते यात उरत नाही.

तशीच साथ कायद्याने धरून चालणाऱ्या मौनातही नसते. मी मेल्यावर माझी किडनी एखाद्या अनोळखी बाईला मिळाली हे चांगलंच झालं. पण मला त्याचा पत्ताच नव्हता, तर त्या चांगुलपणात माझा वाटा काय? शिवाय साथ दोन्ही बाजूंनी लागते. राज्याने नागरिकाकडून मेल्यावर शरीर अपेक्षित करायचं असेल, तर आयसीयूत खाट मिळणं, मृत्यूच्या चाचण्या चोख होणं, त्या लांबलेल्या दिवसात कुटुंबाशेजारी कुणी बसणं, वाटप राजकारण्याच्या फोनने न हलणं, ही राज्याची बाजू आधी पुरी व्हायला हवी. इंग्लंडमध्ये 1999 मध्ये उघड झालं होतं की मृत मुलांचे अवयव पालकांना न कळवता रुग्णालयांत ठेवून घेतले जात होते. त्या संतापातून 2004 चा मानवी ऊतींविषयीचा कायदा आला आणि संमती हा त्याचा पाया झाला. सोळा वर्षांनी त्याच पायावर गृहीत संमती चढवली, तेव्हा काही घरांत जुनी जखम उघडली असेल तर त्यात नवल नाही.

मग मी कोणती पद्धत निवडीन? सगळ्यांत जवळची वाटते ती नेदरलँड्सची, जुलै 2020 पासूनची. नावापुरती ती गृहीत संमतीच्या गटात मोडते, पण तिचा भर विचारण्यावर आहे. नोंद नसलेल्या प्रत्येक प्रौढाला पत्र जातं. चार पर्याय असतात: हो, नाही, माझ्या घरच्यांनी ठरवावं, किंवा मी नेमलेल्या अमुक माणसाने ठरवावं. उत्तर आलं नाही तर काही आठवड्यांनी पुन्हा पत्र. तरीही काहीच नाही, तर 'हरकत नाही' अशी नोंद होते, ती त्याला कळवली जाते आणि ती कधीही बदलता येते. मला यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, नोंदवहीत 'हो' आणि 'हरकत नाही' या दोन वेगळ्या नोंदी आहेत. आयसीयूतल्या माणसाला आपल्या हातात काय आहे हे खरं कळतं आणि तो कुटुंबाला खोटं सांगत नाही. दोन, 'घरच्यांनी ठरवावं' हेही एक उत्तर आहे. ते नोंदवलेलं असेल तर बायको गोंधळलेली असली तरी तिला एवढं कळतं की हा निर्णय त्याने विश्वासाने तिच्यावर सोपवला आहे. तिथे पुष्कळांनी 'नाही' नोंदवलं, आणि काहींनी याला अपयश म्हटलं. मी म्हणत नाही. तेवढ्या घरांत तो प्रश्न आता पडणार नाही, आणि जे 'हो' उरलं त्यावर विसंबता येतं.

कुठलाही देश असा कायदा आणायला निघाला तर 'नोंदी किती झाल्या' या आकड्याला भुलू नका. गृहीत संमतीत तो पहिल्या दिवशीच नव्वदीत जातो. तीन आकडे मागा. ज्या मृत्यूंमध्ये दान शक्य होतं त्यांतल्या किती कुटुंबांना प्रशिक्षित माणसाने विचारलं? स्वतःचं 'हो' नोंदवलेल्यांच्या कुटुंबांनी किती वेळा साथ दिली, आणि गप्प राहिलेल्यांच्या किती? आणि दात्यांच्या खोल्यांत गप्प राहिलेल्यांचा वाटा दरवर्षी वाढतोय की घटतोय? पहिला आकडा कमी असेल तर दोष कायद्याचा नाही, रुग्णालयाचा आहे, आणि स्पेनने केलं ते करावं लागेल. दुसऱ्यातलं अंतर मोठं असेल तर कुटुंबांना कायद्याचं गृहीतक पटलेलं नाही. आणि तिसरा वाढत असेल तर लोकांनी बोलणं सोडलं आहे, आणि तो कायदा दात्यांना मदत करण्याऐवजी त्यांची जागा घेऊ लागला आहे.